दिवाळीच्या खोक्याचे दोन खण : नागपूरच्या एका मिठाईवाल्यासाठी केलेल्या गिफ्ट बॉक्सचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे काम २०२३ च्या दिवाळीचं. नागपुरातलं एक जुनं मिठाईचं दुकान, कारखाना हिंगणा रोडच्या बाजूला, आता तिसरी पिढी हाताशी आलेली. नाव सांगत नाही, कारण मालकांनी लिहायला परवानगी दिली ती याच अटीवर. दुकान मुख्यतः काउंटरवर चालतं, पण गेली काही वर्षं दिवाळीत कंपन्यांच्या ऑर्डरी वाढल्या होत्या. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीतले कारखाने, दोन-तीन पतसंस्था, काही डॉक्टर मंडळी. त्यांना आपल्या माणसांसाठी एकसारखे, नीट दिसणारे खोके हवे असतात.

मी पॅकेजिंग डिझाइन करते, धरमपेठेत छोटा स्टुडिओ आहे. जुलैच्या मध्यावर मालकांची मुलगी, जिला मी ताई म्हणते, आदल्या वर्षीचा खोका घेऊन आली. तिने तो माझ्या टेबलावर उघडला आणि म्हणाली, "दिसायला छान होता. तरी लोकांनी परत फोन केले."

त्या खोक्याचं झाकण पुस्तकासारखं उघडायचं आणि चुंबकाने बंद व्हायचं. आत साटीनचं कापड, त्यावर सहा कप्प्यांचा प्लास्टिकचा ट्रे. काजूकतली, बेसनाचे लाडू, चिवड्याचं पाकीट, बदामाचं पाकीट, दोन मातीच्या पणत्या आणि या दुकानाची ओळख असलेली संत्रा बर्फी. तक्रारी तीन प्रकारच्या होत्या. पणत्या फुटून त्यांची माती मिठाईवर सांडली. लाडवाचं तूप साटीनमध्ये उतरून डाग पडले. आणि संत्रा बर्फी आंबली, किंवा तिला 'वास आला'.

पहिल्या दोन गोष्टी एका बैठकीत मिटल्या. पणत्या काढल्या. साटीन काढलं, कारण तुपाच्या पदार्थाखाली कापड कधीच घालू नये. तिसरी गोष्ट मिटायला मात्र तीन महिने लागले. पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे.

अडचण : घड्याळ कुठून सुरू होतं

संत्रा बर्फी म्हणजे खवा, साखर आणि संत्र्याचा गर. गरामुळे तिच्यात ओलावा नेहमीच्या बर्फीपेक्षा जास्त राहतो. दिवाळीच्या सुमारास अंबिया बहाराची संत्री बाजारात येऊ लागतात आणि कारखाना ताजा गर वापरतो. त्यामुळे चव सुरेख येते, पण बर्फी टिकत नाही. कारखान्याने स्वतःच्या अनुभवावरून तिला पाच दिवस दिले होते. काजूकतलीला बारा, बेसनाच्या लाडवाला वीस. चिवडा आणि बदाम बंद पाकिटात महिना सहज काढतात.

ताईकडे मी एकच गोष्ट मागितली. मागच्या वर्षीच्या एका खोक्याचा प्रवास तारखांसकट लिहून दे. तिने लिहिलं ते असं होतं. बर्फी थापली रविवारी रात्री. सोमवारी दिवसभर पॅकिंग. मंगळवारी टेम्पो कंपनीत. बुधवारी खोके एचआरच्या खोलीत पडून. गुरुवारी संध्याकाळी वाटप. घरी नेल्यावर खोका देवघरासमोर, लक्ष्मीपूजनाला नैवेद्य म्हणून. म्हणजे पहिली वडी तोंडात गेली तेव्हा बर्फीचे पाच दिवस उलटून गेले होते.

खोका उघडायचा कसा, आधी काय दिसावं, मग काय, शेवटी काय, याचा विचार आपण करतो तो नाट्य म्हणून. इथे मला दिसलं की उघडण्याचा क्रम हाच खाण्याचा क्रम आहे, आणि खाण्याचा क्रम टिकण्याच्या दिवसांशी जुळला नाही तर खोका कितीही देखणा असला तरी आतली मिठाई वाया जाणार. नाट्य आणि घड्याळ एकत्र बसवायचं होतं.

बजेट खोक्यामागे १४० रुपये, संख्या १,८००. आदल्या वर्षीचा खोका १५५ ला पडला होता, त्यात चुंबक आणि साटीनचा वाटा मोठा होता.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय म्हणजे जुनाच खोका, फक्त आत बदल करून. तो बाजूला ठेवला, कारण बर्फीच्या दिवसांत त्याने काहीच फरक पडत नव्हता.

दुसरा पर्याय, कंपन्यांच्या खोक्यातून संत्रा बर्फी काढूनच टाकायची. हिशेबाने हाच सगळ्यात सोपा. पण ताई म्हणाली की लोक आमच्याकडे येतात ते या बर्फीसाठी, तिच्याशिवाय खोका दिला तर तो कुणाचाही असू शकतो. मला ते पटलं.

तिसरा पर्याय, बर्फी हवाबंद ट्रेमध्ये नायट्रोजन भरून सील करायची. याने दिवस वाढतात हे खरं, पण त्यासाठी यंत्र लागतं, आणि आधी नमुने ठेवून किती दिवस वाढले हे तपासून घ्यावं लागतं. जुलैत सुरू करून दिवाळीपर्यंत ते जमलं नसतं.

चौथा पर्याय मालकांचा स्वतःचा होता. त्यांना मी काका म्हणते. त्यांना वर-खाली दोन थरांचा, झाकण आणि तळ वेगळे असलेला खोका हवा होता. वरच्या ट्रेमध्ये काजूकतली आणि सुका मेवा, तो ट्रे उचलला की खाली संत्रा बर्फी. काका म्हणाले, "बर्फी खाली ठेवा. शेवटी जे येते तेच लक्षात राहते." ही कल्पना भावनेने आलेली होती. त्यांच्या वडिलांनी ही बर्फी करायला सुरुवात केली होती आणि त्यांना ती दागिन्यासारखी खोक्याच्या तळाशी हवी होती. मला ती घड्याळाच्या उलट दिसत होती, पण वाद घालण्याऐवजी मी म्हटलं, करून पाहू.

बारा घरं

ऑगस्टच्या शेवटी, पोळ्याच्या आधी, साध्या पांढऱ्या कप्पा बोर्डाचे, म्हणजे जाड ताठ पुठ्ठ्याचे, काकांच्या रचनेचे बारा खोके हाताने बनवले. छपाई नाही, फॉइल नाही. आत खरी मिठाई भरली आणि बारा घरी दिली : महालातला एक जुना वाडा, मनीषनगर आणि बेसा इथले फ्लॅट, वाडीतलं एक घर, धरमपेठेतली दोन. विनंती एकच होती, खोका तुम्ही जसा उघडाल तसाच उघडा, आम्ही बाजूला बसून मोबाइलवर चित्रीकरण करू.

बारापैकी चार घरांत कुणीही वरचा ट्रे त्या दिवशी उचलला नाही. खाली काही आहे हे त्यांना कळलंच नाही. ट्रेला बोट घालायला खाच होती, पण ती काजूकतलीच्या कागदाखाली झाकली जात होती. महालातल्या घरून तिसऱ्या दिवशी फोन आला की खाली आणखी मिठाई आहे हे आत्ता सापडलं, आणि तिला आता वास येतोय.

आणखी एक गोष्ट दिसली जी माझ्या डोक्यात नव्हती. बारापैकी पाच घरांत खोका न उघडता आधी देवापुढे ठेवला गेला. वाड्यातल्या आजींनी मग झाकण उघडून जे पहिलं हाताला लागलं ते वाटीत काढून नैवेद्य दाखवला. म्हणजे पहिला थर हा नैवेद्याचा थर. तिथे काजूकतली असेल तर काजूकतली, बर्फी असेल तर बर्फी.

ते चित्रीकरण मी काकांना दाखवलं. ते शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. मग विचारलं, "म्हणजे माझी बर्फी तीन दिवस तिथंच पडून राहिली?" त्यानंतर खाली-वर हा वाद पुन्हा निघाला नाही.

निर्णय : दोन खण, आणि भरण्याचा उलटा क्रम

त्याच बैठकीत पाचवा पर्याय पुढे आला. तो दोन दिशांनी आला. मला बर्फी सगळ्यात आधी हाती लागायला हवी होती. ताईला ती सगळ्यात शेवटी भरायची होती, कारण खोक्यातल्या बाकी वस्तू आठवडाभर आधी भरून ठेवल्या तरी चालतात, बर्फी मात्र ज्या रात्री थापली त्याच्या दुसऱ्या सकाळीच बाहेर पडायला हवी. झाकणाच्या खोक्यात हेही जमतं, बर्फी वर ठेवली की झालं, पण मग आठवडाभर आधी भरलेला प्रत्येक खोका पुन्हा उघडायला लागतो आणि आतली मांडणी हलते.

म्हणून खण. बाहेरून एक घर, त्यात वर-खाली दोन खण, कपाटाच्या खणांसारखे समोरून ओढायचे. खालचा खण आधी भरून बसवायचा. वरची जागा रिकामी ठेवायची. पाठवायच्या दिवशी सकाळी वरचा खण भरून आत सरकवायचा आणि पूर्ण खोक्यावर कागदी पट्टा चढवायचा. उघडणारा उलटं करतो : पट्टा काढतो, समोर दोन खण दिसतात, वरचा ओढतो. खाली काही आहे का हा प्रश्नच राहत नाही, कारण दोन्ही खणांच्या रिबिनी समोरच लोंबत असतात.

बाहेरचं माप ३० बाय २२ सेंटीमीटर, उंची १०. वरचा खण उथळ, २४ वड्यांचा, सुमारे ३५० ग्रॅम. खालचा खोल, त्यात काजूकतली, लाडू आणि दोन पाकिटं.

खर्चाचा हिशेब असा बसला. बाहेरचं घर दोन मिलिमीटर कप्पा बोर्डाचं, वर छापील कागद चढवलेला. खालचा खणही कप्प्याचा, पण दीड मिलिमीटरचा. वरचा खण मात्र कप्प्याचा न करता ३५० जीएसएमच्या पांढऱ्या घडीच्या बोर्डाचा केला. तो सपाट येतो, कारखान्यातच घडी घालून उभा करता येतो आणि स्वस्त पडतो. एवढं करूनही खोका १४८ ला गेला. ताईने आठ रुपये जास्त मान्य केले, कारण वाया जाणारी बर्फी त्याहून महाग होती.

नमुन्यात काय बिघडलं

पहिला पक्का नमुना माझ्या टेबलावर उत्तम चालला. कारखान्यात नेला आणि अडकला. पॅकिंग बघणाऱ्या मावशींनी खण दोनदा ढकलून पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, हा आत जाऊन नाही राहिला." कढया चालू असलेल्या इमारतीत हवा दमट असते. कप्पा बोर्ड ती ओल पितं, किंचित फुगतं, आणि कागद चढवलेल्या भिंती आतल्या बाजूला वाकतात. मी खणाच्या दोन्ही बाजूंना एक-एक मिलिमीटर जागा सोडली होती. त्यातून कागदाच्या दुमडीची जाडी वजा केली तर प्रत्यक्षात अर्ध्याहून थोडी जास्त उरत होती. ती दीड केली. आता खण सैल झाला आणि खोका कलता केला की आपोआप बाहेर सरकू लागला. पट्टा असेपर्यंत ठीक, पट्टा काढल्यावर धोका. म्हणून खणाच्या मागच्या बाजूला बोर्डाची एक छोटी जीभ ठेवली, जी घराच्या काठाला हलकेच अडते.

दुसरी गोष्ट हवेची. घराची मागची बाजू बंद असेल तर खण ओढताना आत पोकळी तयार होते. खण आधी येत नाही आणि मग एकदम झटक्याने येतो. त्या झटक्यात २४ वड्या एका बाजूला जाऊन बसतात. उपाय साधा होता. मागच्या भिंतीला प्रत्येक खणामागे बोटाएवढं भोक. खण एकसारखा सरकू लागला. आणि वड्या प्रत्येकी कागदी वाटीत ठेवून मध्ये लांबीच्या दिशेने एक आडवण घातली, म्हणजे झटका बसला तरी घसरायला जागा उरत नाही.

तिसरी गोष्ट चांदीच्या वर्खाची. बटर पेपर वडीला टेकला की वर्ख कागदाला चिकटून निघून येतो. वडी आणि वरचा कागद यांच्यात किमान चार मिलिमीटर मोकळी जागा हवी. पण कारागीर ताटात बर्फी थापतो हाताने, आणि वड्यांची उंची चौदा ते वीस मिलिमीटरमध्ये कुठेही येत होती. खणाची उंची ठरवायची कशी? शेवटी खण न बदलता ताट बदललं. थापताना ताटाच्या कडेने सोळा मिलिमीटर उंचीच्या लाकडी पट्ट्या लावल्या आणि त्यावरून पाटा फिरवला. कारागिरांना आधी ते आवडलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं की कापणं सोपं झालंय.

वास

आदल्या वर्षीच्या 'वास आला' या तक्रारीत फक्त शिळेपणा नव्हता, असा मला संशय होता. तुपाचे आणि खव्याचे पदार्थ आजूबाजूचा वास पटकन धरतात. ताजी छपाई, लॅमिनेशनचा गोंद, खोक्यावर कागद चढवायला वापरलेलं चिकट, या सगळ्यांना वास असतो आणि बंद खोक्यात तो कुठेच जात नाही.

त्याची चाचणी घरी करता येते. काचेची झाकणाची बरणी घ्यायची, तिच्यात छापील बोर्डाचा तळहाताएवढा तुकडा आणि शेजारी, बोर्डाला न टेकता, वाटीत एक वडी. दुसऱ्या बरणीत फक्त वडी. दोन्ही बंद करून चोवीस तास सावलीत ठेवायच्या. मग कोणती कुठली ते न सांगता दोन-तीन जणांना चाखायला द्यायच्या. आम्ही ताई, मावशी आणि एक कारागीर अशा तिघांना दिल्या. तिघांनीही बोर्डाशेजारची वडी ओळखली. कारागीर म्हणाला, रंगाच्या दुकानासारखं लागतं.

प्रेसवाल्यांशी बोललो. खणांच्या आतल्या बाजूला छपाई पूर्ण बंद केली. तसंही छापलेला पृष्ठभाग खाद्यपदार्थाला टेकता कामा नये, हा आपल्याकडचा नियमच आहे. लॅमिनेशनचा गोंद पाण्यावर आधारित घ्यायचं ठरलं. आणि छापलेले कागद खोक्यावर चढवण्याआधी चार दिवस मोकळे पसरून ठेवायचे, थप्पी लावून नाही. नव्या कागदाची बरणी पुन्हा ठेवली तेव्हा तिघांपैकी कुणालाही फरक सांगता आला नाही. या एका चाचणीला खर्च शून्य आणि वेळ एक दिवस लागला. आदल्या वर्षी ती कुणी केली नव्हती.

खणावर काय लिहायचं

बारा घरांच्या चित्रीकरणात आणखी एक दिसलं होतं. खोक्याच्या तळाशी छापलेली तारीख कुणीही पाहिली नाही. शुभेच्छांचं कार्ड सगळ्यांनी हातात घेतलं, निम्म्यांनी न वाचता बाजूला ठेवलं.

कायद्याने लागणारा मजकूर, म्हणजे घटक, निव्वळ वजन, परवाना क्रमांक, हिरवा ठिपका, किंमत, तारखा, आम्ही पट्ट्याच्या मागच्या बाजूला एकत्र घेतला. निव्वळ वजन म्हणजे मिठाईचंच वजन, खोका त्यात धरायचा नाही, हे पॅकिंगच्या लोकांना वेगळं सांगावं लागलं. पण पट्टा तर पहिल्यांदाच काढून टाकला जातो. म्हणून तारीख खणांवरही हवी होती.

शुभेच्छांचं वेगळं कार्डच रद्द केलं. वरच्या खणाच्या दर्शनी पट्टीवर, रिबिनीच्या शेजारी, दोनच ओळी छापल्या : 'आधी ही संत्रा बर्फी.' आणि खाली रिकामी चौकट, जिच्यात 'या तारखेपर्यंत संपवा' असं लिहून त्या दिवसाचा शिक्का मारायचा. खालच्या खणावर 'मग हे, सावकाश.' ताईला वाटलं हे फार साधं आहे, काहीतरी काव्यमय हवं. काकांनी तिला थांबवलं. ते म्हणाले, आपल्याकडे पाहुण्याला वाढताना असंच सांगतात.

छपाई आणि पॅकिंग

या भागात फार सांगण्यासारखं नाही, फक्त एक चूक वेळापत्रकाची होती आणि ती माझी. खोके २० ऑक्टोबरला यायचे होते. मी दसऱ्याचा हिशेब धरला नव्हता. २४ तारखेला दसरा, यंत्रांची पूजा, प्रेस बंद, आणि त्याआधीचे दोन दिवस कारागीर अर्धे. त्यात दीक्षाभूमीवर येणाऱ्या गर्दीमुळे त्या बाजूचे रस्ते वळवलेले, टेम्पो मिळेना. खोके आले २७ ला. कागद पसरून ठेवायचे चार दिवस मी सोडले नाहीत, त्यामुळे खालचे खण भरायला ठरलेल्यापेक्षा आठवडाभर कमी मिळाला.

तयार खोके सपाट येत नाहीत, उभेच येतात. १,८०० खोक्यांनी सुमारे बारा घनमीटर जागा खाल्ली. ते कढयांच्या खोलीपासून दूर, कोरड्या गोदामात, जमिनीवर न टेकवता फळ्यांवर ठेवले, कारण अडकलेल्या नमुन्याचा अनुभव ताजा होता.

वरचा खण भरून पट्टा चढवायला एका खोक्याला चाळीस सेकंद लागतील असा माझा अंदाज होता. लागले सत्तर. पट्टा मी फार घट्ट केला होता, दोन्ही हातांनी सावकाश ओढावा लागत होता. आठ जणींनी सहाशे खोके जवळपास दीड तासात केले. तीन सकाळी, ६, ७ आणि ८ नोव्हेंबर, प्रत्येकी सहाशे. आदल्या वर्षी पूर्ण खोका एकाच दिवशी भरायला रात्रीचे अकरा वाजायचे. या वर्षी मावशी त्या तिन्ही दिवशी दुपारी जेवायला घरी गेल्या.

काय झालं

फुटलं, सांडलं, डाग पडले अशी एकही तक्रार आली नाही. पट्ट्यावरचं सोनेरी फॉइल घडीच्या रेषेवर तडकलं, काही खोक्यांवर ते नजरेत भरत होतं. फॉइल घडीपासून लांब ठेवायला हवं होतं. हे मला माहीत असून डिझाइन देखणं दिसावं म्हणून मी ते घडीवरून नेलं.

बर्फीचं काय झालं ते एका प्रसंगातून सांगते. बुटीबोरीच्या एका कंपनीला २२० खोके ७ तारखेला पोचले. गुरुवारी ९ ला ताईने सहज चौकशी केली तर खोके अजून त्यांच्या स्टोअरमध्येच होते. वाटप शुक्रवारी, धनत्रयोदशीला ठरलं होतं. खणांवर शिक्का होता ११ तारखेचा, आणि लक्ष्मीपूजन रविवारी १२ ला. नैवेद्यापर्यंत बर्फी टिकली नसती.

जुना खोका असता तर २२० खोके परत आणून, उघडून, पुन्हा लावावे लागले असते, किंवा डोळे झाकून तसेच वाटू द्यावे लागले असते. ताईने ९ च्या रात्री बर्फी थापून घेतली, शुक्रवारी पहाटे फक्त वरचे खण टेम्पोत घातले आणि मावशी दोघींना घेऊन कंपनीत गेल्या. पट्टा काढायचा, जुना खण बाहेर, नवा आत, पट्टा परत. अकराच्या आत काम संपलं. नव्या खणांवर १४ तारखेचा शिक्का होता.

अडचण एकच आली. वरचे खण आम्ही नेहमीसारखे पाच टक्के जास्त छापले होते, म्हणजे फक्त नव्वद. उरलेल्या १३० खोक्यांसाठी जुन्याच खणांतून बर्फी काढून, नवा कागद आणि नव्या वाट्या घालून तेच खण वापरावे लागले, आणि जुन्या शिक्क्यावर चिठ्ठी चिकटवावी लागली. ती चिठ्ठी लोकांना दिसली. तीन जणांनी कंपनीत विचारलं की तारीख बदलली आहे का. ताईने त्या तिघांशी स्वतः फोनवर बोलून सगळं सांगितलं.

पुन्हा करायचं झालं तर

वरचे खण पाच नव्हे, पंधरा टक्के जास्त छापायचे. ते सपाट येतात, जागा खात नाहीत, आणि एका खणाचा खर्च खोक्याच्या मानाने किरकोळ आहे. शिक्क्याची चौकट खणावर न छापता खणात खोचायची वेगळी पट्टी करायची, म्हणजे तारीख बदलली तर पट्टी बदलेल.

पट्टा दोन मिलिमीटर सैल करायचा. फॉइल घडीपासून किमान सहा मिलिमीटर आत घ्यायचं. दसऱ्याच्या आधी दहा दिवस सगळी छपाई संपलेली हवी, नाहीतर तारीख पुढे धरूनच चालायचं.

आणि कंपन्यांकडून ऑर्डर घेताना 'पोचवायची तारीख' न विचारता 'वाटायची तारीख' विचारायची. ताईने २०२४ च्या ऑर्डरच्या अर्जावर तो रकाना घातला. वाटप पोचवल्यानंतर दोन दिवसांहून लांब असेल तर खालचा खण आधी जातो, वरची जागा रिकामी ठेवून, आणि वरचे खण वाटपाच्या सकाळी वेगळे.